‘डेमो छान झाला’ एवढ्यावर अकाउंट्स पैसे सोडत नाही

प्रश्न: कोथरूडला आमची सहा जणांची सॉफ्टवेअर कंपनी आहे, उद्यम नोंदणी आहे. चाकणच्या एका ऑटो पार्ट्स कंपनीसाठी गेट एंट्री आणि डिस्पॅचची सिस्टिम करतोय. पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, १२ लाखांची, दुसरा टप्पा ‘यूएटी पूर्ण झाल्यावर ३० टक्के’. यूएटी म्हणजे ग्राहकाने स्वतः करायचं टेस्टिंग, त्याच्या ४२ पैकी ३९ केसेस पास झाल्या. राहिल्या तीन: चलनाच्या दुसऱ्या पानावर गाडी नंबर छापला जात नाही, ड्रायव्हरला एसएमएस जात नाही, आणि वजनकाटा जोडायचा बाकी आहे. त्यांच्या आयटी मॅनेजरनी मेल केला: ‘डेमो छान झाला, टीमला शाबासकी. तीन पॉइंट राहिलेत ते लवकर क्लिअर करा, मग पुढचं बघू. ओव्हरऑल ओके आहे.’ बिल लावलं तर अकाउंट्स म्हणतं ॲक्सेप्टन्सचा मेल आणा. मॅनेजर म्हणतात, मी दिलाय की मेल! आता संबंध न बिघडवता नेमका कसला मेल मागू?

उत्तर:

तुमचे मॅनेजर खोटं बोलत नाहीत आणि अकाउंट्सही आडमुठेपणा करत नाही. तो मेल एकदा अकाउंट्सच्या टेबलावर बसून वाचा. त्या माणसाने तुमची सिस्टिम पाहिलेली नाही, पुढेही पाहणार नाही. त्याच्यासमोर पीओ उघडी आहे आणि तिच्यात ‘डेमो’ नावाची ओळच नाही, ‘यूएटी पूर्ण’ अशी आहे. मेलमध्ये तीन गोष्टी राहिल्यात असं लिहिलंय, म्हणजे त्याच्या लेखी काम अपुरं. ‘मग पुढचं बघू’ हे तर त्याला सरळ अट म्हणूनच दिसतं: आधी ते तीन, मग पैसे. राहता राहिलं ‘ओव्हरऑल ओके’. उद्या ऑडिटरने विचारलं की तीन लाख साठ हजार कशाच्या जोरावर सोडले, तर हे दोन शब्द दाखवून तो सुटणार नाही.

मोठ्या कंपन्यांत यामागे एक ठरलेली चाल असते, ती माहीत असली की बरंच कोडं सुटतं. एसएपी वापरणाऱ्या कंपनीत माल आला की तो मिळाल्याची नोंद, म्हणजे जीआरएन, होतो, तसं सेवेसाठी ‘सर्व्हिस एंट्री शीट’ करावं लागतं. ज्या विभागाने काम करून घेतलं तो हे शीट भरतो, त्याचा वरिष्ठ मंजूर करतो, आणि मग पीओ, शीट आणि बिल या तिन्हींचा मेळ बसला तरच बिलाची नोंद होते. मॅनेजरचा मेल हा त्या शीटला जोडायचा कागद. शीटच झालेलं नसेल, तर अकाउंट्सच्या माणसाने मनात आणलं तरी त्याला बिल पुढे ढकलता येत नाही. म्हणून मॅनेजरना ‘मेल दिला का?’ एवढंच विचारू नका. ‘शीट केलंत का, आणि कोणाच्या मंजुरीला गेलंय?’ हेही विचारा. मेल हातात आला की काम झालं असं समजून लोक गप्प बसतात, आणि शीट महिनाभर कोणाच्या तरी इनबॉक्समध्ये पडून राहतं.

दुसरी गोष्ट, मेल कोणी द्यायचा? पीओमध्ये किंवा एसओडब्ल्यूमध्ये, म्हणजे कामात काय काय करायचं ते लिहिलेल्या कागदात, काम स्वीकारणाऱ्या माणसाचं नाव किंवा हुद्दा असतो, तो शोधा. टेस्टिंग आयटी मॅनेजर करतात आणि मंजुरी प्लँट हेडची लागते, हे चाकण-भोसरी पट्ट्यात सर्रास दिसतं. कागदावर काहीच लिहिलेलं नसेल तर खरेदी विभागाला एका ओळीचा मेल टाका की या टप्प्याची स्वीकृती कोणाकडून घ्यायची. त्यांचं उत्तर जपून ठेवा, पुढच्या टप्प्यालाही तेच कामी येईल. मेल कंपनीच्या पत्त्यावरूनच यायला हवा. साहेबांनी रविवारी घरून स्वतःच्या जीमेलवरून ‘ॲप्रूव्हड’ पाठवलेलं अकाउंट्स सहसा धरत नाही.

आता मूळ अडचण, म्हणजे ते तीन पॉइंट. तुम्ही तिन्ही एका दमात ‘राहिले’ म्हणून टाकलेत, मॅनेजरनीही तसंच केलं. पण या तिन्हींची जात वेगळी आहे.

चलनाच्या दुसऱ्या पानावर गाडी नंबर न येणं हा तुमचा दोष आहे. तो मान्य करा, तारीख द्या. पण गेटवर काम अडतं का ते पाहा. पहिल्या पानावर नंबर येतो, गाडी बाहेर पडते, मग हा किरकोळ दोष झाला. याच्यासाठी अख्खा टप्पा अडवून धरणं योग्य नाही, आणि हे मॅनेजरनाही पटतं, फक्त ते त्यांच्याकडून लिहून घ्यावं लागतं. हेच जर नंबर चुकीचा छापला जात असता, तर मी तुम्हाला सांगितलं असतं की मेल मागूच नका, आधी दुरुस्त करा. चुकीच्या नंबरचं चलन घेऊन गाडी रस्त्यावर गेली तर ई-वे बिल तपासणीत ग्राहकाची गाडी अडेल, आणि तो दोष किरकोळ कोणी म्हणणार नाही.

एसएमएसचं काय? तुमच्या एसओडब्ल्यूमध्ये तो होता का ते आज रात्रीच उघडून पाहा. नसेल, तर ती नवी मागणी आहे. टेस्टिंगच्या वेळी कोणी तरी म्हणालं, ‘ड्रायव्हरला मेसेज गेला तर बरं होईल ना,’ आणि तुमच्या पोराने ती टेस्ट केसच्या यादीत लिहून टाकली, असं फार वेळा होतं. मग ती नापास दिसते, खरं तर ती यादीत असायलाच नको होती. ती तिथून काढा आणि वेगळ्या चेंज रिक्वेस्टवर घ्या. गंमत म्हणून दोन-तीन तासांत एसएमएस जोडून देऊ नका. त्यासाठी दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांप्रमाणे डीएलटी या नोंदणी व्यवस्थेवर ग्राहकाच्या कंपनीची, हेडरची आणि मेसेजच्या मजकुराची नोंदणी लागते. ती होईपर्यंत तुमचे साडेतीन लाख अडकून राहतील.

वजनकाटा तिसऱ्या जातीचा. काट्याच्या इंडिकेटरमधून आकडा घ्यायला गेटवर सिरियल पोर्टची वायर आणि त्या पीसीचा ॲक्सेस लागतो, आणि तो त्यांच्या प्लँटच्या माणसांनी द्यायचा आहे. तुमच्या बाजूचं काम तयार असेल आणि नमुन्याच्या डेटावर तपासून झालं असेल, तर तसं लिहा. जोडणी ग्राहकाकडून सोय झाल्यावर, तिची टेस्ट तिसऱ्या टप्प्यात. इथे ‘तुमच्यामुळे राहिलंय’ असा सूर नको. ‘गेटवर वायर मिळाली की दोन दिवसांत करतो’ एवढं पुरे.

ही विभागणी एका पानावर करा, टेस्ट रिपोर्टला आवृत्ती क्रमांक द्या आणि मगच मेल मागा. मेलचा मसुदा तुम्हीच लिहायचा. मॅनेजरवर सोडलात तर पुन्हा ‘शाबासकी’च येईल, कारण त्यांना काम आवडलंय आणि ते तेवढंच सांगताहेत. आधी फोन करा, आणि फोनवर पैशाचं नाव उशिरा काढा. मी साधारण असं बोलतो: “साहेब, तीन पॉइंटचं पान पाठवलंय, एकदा नजर टाका. पटत असेल तर तुमच्या अकाउंट्सला लागतो तसा मजकूर मी मेलमध्ये टाकलाय. बदल वाटला तर करा, नाही तर फक्त रिप्लाय ऑल करून पाठवा.” बहुतेक माणसं पाठवतात. त्यांनाही स्वतः काय लिहावं हे कळत नसतं आणि विचारायचा संकोच वाटतो.

मसुदा असा. प्रत्यक्षात तुम्ही तो इंग्रजीत पाठवाल, मुद्दे हेच ठेवा:

‘विषय: पीओ क्रमांक अमुक, ओळ २०, यूएटी टप्प्याची स्वीकृती

वरील पीओतील ओळ २०, “यूएटी पूर्ण”, हे काम आम्ही तपासले असून १४ जुलै रोजी स्वीकारले आहे. तपासणीचा आधार: गेट-डिस्पॅच यूएटी रिपोर्ट, आवृत्ती १.२, दिनांक १४ जुलै. या टप्प्याची रक्कम ३,६०,००० रुपये अधिक जीएसटी देय आहे, कृपया पुढील कार्यवाही करावी.

रिपोर्टच्या पान ४ वरील मुद्दा १ (चलनाची छपाई) पुरवठादार २१ जुलैपर्यंत दुरुस्त करेल. मुद्दा २ (एसएमएस) या पीओच्या बाहेरचा आहे. मुद्दा ३ (वजनकाटा जोडणी) तिसऱ्या टप्प्यात तपासला जाईल. या तीन मुद्द्यांमुळे या टप्प्याचे पैसे रोखायचे नाहीत.

या स्वीकृतीमुळे पीओतील वॉरंटीच्या अटींना बाधा येत नाही.’

यातली प्रत्येक ओळ कोणासाठी तरी आहे. पीओ आणि ओळ क्रमांक शीट भरणाऱ्यासाठी. पीओत जो शब्द आहे तोच वापरा. तिथे ‘यूएटी कम्प्लिशन’ असेल तर मेलमध्ये ‘फेज टू’ लिहू नका, मेळ घालणारा माणूस तिथेच थांबतो. रक्कम जीएसटी वगळून लिहा, कारण पीओच्या ओळीवर तशीच असते. रिपोर्टचं नाव आणि आवृत्ती मेलच्या मजकुरात लिहायचं कारण अगदी साधं आहे. साहेब रिप्लाय करतात तेव्हा तुमची जोडलेली फाइल गळून पडते, आणि अकाउंट्सकडे जातो तो नुसता मजकूर. मग ‘वरीलप्रमाणे स्वीकृत’ म्हणजे कशाप्रमाणे, हे तिथे कोणालाच कळत नाही.

शेवटची वॉरंटीची ओळ मात्र मॅनेजरसाठी आहे, आणि माझ्या मते सगळ्या मेलमध्ये तीच सर्वांत उपयोगी. मेल द्यायला माणूस का कचरतो? त्याला वाटतं, एकदा ‘स्वीकारलं’ असं लिहिलं की पुढे दोष निघाला तर हे लोक फोन उचलणार नाहीत, आणि वरिष्ठ मला विचारतील की तू सही कशी केलीस. ही भीती रास्त आहे. एका ओळीत ती घालवता येत असेल तर घालवा. पुरवठादारांनी केलेले मसुदे मी पाहतो, त्यांत उलट ‘कोणत्याही दोषाविना, अंतिम आणि बिनशर्त’ असली भाषा असते. ती वाचून मॅनेजर मेल लीगलला पाठवतो, आणि लीगलकडे गेलेला मेल पंधरा दिवस परत येत नाही. तुम्हाला या एका टप्प्याचे पैसे हवेत. जन्मभराची सुटका मागायची ही जागा नाही.

आता समजा, एवढं करूनही उत्तर येत नाही. इथे कायदा तुमच्या बाजूने थोडासा आहे, पण तो नीट समजून वापरा. एमएसएमईडी कायदा, २००६ प्रमाणे सेवा दिल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर सेवा दिली तोच दिवस स्वीकृतीचा मानला जातो. हरकत घेतली असेल, तर ती तुम्ही दूर कराल तो दिवस धरतात. तिथून पैसे द्यायची मुदत करारात ठरली असेल ती, पण ४५ दिवसांपेक्षा जास्त नाही, करारात ९० लिहिलं तरी. करारात मुदतच नसेल तर १५ दिवस. मुदत टळली तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. हे संरक्षण सूक्ष्म आणि लघु उद्योगांना आहे. सहा जणांची कंपनी साधारण सूक्ष्ममध्येच बसते, तरी उद्यम प्रमाणपत्रावर काय लिहिलंय ते पाहून घ्या आणि तो क्रमांक बिलावर छापा.

आता परत तुमच्याकडचा मेल पाहा. ‘तीन पॉइंट राहिलेत ते क्लिअर करा.’ हा १५ दिवसांच्या आत आलेला लेखी मेल आहे. उद्या वाद झाला तर त्यांचा वकील हीच ‘लेखी हरकत’ म्हणून पुढे करेल, आणि वजनकाट्याची वायर त्यांनी दिलीच नाही तर तुमचं घड्याळ सुरूच होणार नाही. तुम्ही शाबासकी समजून जपून ठेवलेला मेल असा तुमच्यावरच उलटू शकतो. म्हणून ‘या तीन मुद्द्यांमुळे पैसे रोखायचे नाहीत’ हे वाक्य लिहून घ्या. ते मिळत नसेल तर निदान तुमच्या बाजूने लगेच उत्तर द्या: कोणता मुद्दा दोष, कोणता नवा, कोणता त्यांच्याकडून अडलेला. आणि छपाई दुरुस्त झाली की त्याच दिवशी त्याच मेलच्या साखळीत ‘मुद्दा १ आज दूर केला’ असं कळवा. हा मेल लोक पाठवतच नाहीत. सर्व्हरवर दुरुस्ती चढवतात, व्हॉट्सॲपवर ‘डन सर’ टाकतात आणि विसरून जातात.

१ एप्रिल २०२४ पासून आयकरातही एक तरतूद आली आहे: सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे या मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च खरेदीदाराला ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी वजा मिळतो. मार्चमध्ये मोठ्या कंपन्यांचे फायनान्सवाले अचानक गोड बोलू लागतात ते यामुळे. काही ठिकाणी याचा उलटा परिणामही दिसतो. घड्याळ सुरू होऊ नये म्हणून स्वीकृतीचा मेलच लांबवायचा. हा हिशेब चुकीचा आहे. हरकत लेखी घेतली नसेल तर घड्याळ काम दिल्याच्या दिवसापासून धरलं जातं, मेल येवो न येवो. हे खरेदी विभागाला समजावून सांगायचं असेल तर तुमच्या सीएकडून त्यांच्या फायनान्सला सांगणं बरं. आयटी मॅनेजरला कलमं ऐकवलीत तर ते दुखावतील, आणि शीट त्यांनीच भरायचंय.

उत्तर आलंच नाही तर मी कोणत्या क्रमाने जातो ते सांगतो. दोन-तीन दिवस गेले की फोन. आठवड्याने त्याच साखळीत आठवण, खरेदी विभागाला प्रत. पंधरा दिवस उलटले की शांत भाषेतला एक मेल: ‘यूएटी रिपोर्ट अमुक तारखेला दिला. पंधरा दिवसांत लेखी हरकत आलेली नाही, म्हणून काम स्वीकारले गेले असे समजून बिल सादर करत आहोत.’ अर्थात तुमच्या बाबतीत हे शेवटचं वाक्य आज लिहिता येणार नाही, कारण तीन पॉइंटचा तो मेल मध्ये उभा आहे. तुम्हाला आधी तो सोडवावाच लागेल. थकलेल्या पैशांसाठी एमएसएमई मंत्रालयाच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार हा मार्ग आहे, पण तिसरा टप्पा त्याच ग्राहकाकडे बाकी असताना मी तिकडे घाई करत नाही.

बिलाबद्दल एक सावधगिरी. तीन महिन्यांपेक्षा जास्त चालणारं आणि हप्त्याहप्त्याने पैसे ठरलेलं काम जीएसटीत ‘सततची सेवा’ धरलं जातं, आणि पैसे एखाद्या घटनेला बांधलेले असतील तर ती घटना पूर्ण होईपर्यंत टॅक्स इन्व्हॉइस काढावं लागतं. तुमच्या पीओत घटना कोणती लिहिली आहे, ‘यूएटी पूर्ण होणं’ की ‘ग्राहकाची लेखी स्वीकृती’, त्यावर तारीख ठरते. मेलची वाट पाहत तुम्ही बिल लावून बसलाच आहात. ३,६०,००० वर १८ टक्क्यांनी ६४,८०० रुपये जीएसटी पुढच्या महिन्यात तुमच्या खिशातून भरावा लागू शकतो, ग्राहकाचा एक रुपया न येता. सीएला पीओ दाखवून आजच विचारा. पुढच्या वेळी स्वीकृती मिळेपर्यंत प्रोफॉर्मा पाठवायचा की नाही, हेही त्यांच्याकडूनच ठरवून घ्या.

मेल आला की तो पीडीएफ करून बिलाला जोडा, पण मूळ मेलही हेडरसकट साठवून ठेवा. वाद कोर्टात गेलाच तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि तेव्हा स्क्रीनशॉटपेक्षा मूळ मेल हाताशी असलेला बरा. साहेबांनी व्हॉट्सॲपवर ‘ओके’ दिलं असेल तर ते वाया जात नाही, त्याच दिवशी मेलमध्ये उतरवा: ‘आज आपण व्हॉट्सॲपवर कळवल्याप्रमाणे...’, आणि खाली वरचाच मसुदा.

तिसऱ्या टप्प्याचं काम सुरू करायच्या आधी खरेदी विभागाकडून पीओच्या दुरुस्तीत दोन वाक्यं घालून घ्या. रिपोर्ट दिल्यापासून सात कामाच्या दिवसांत लेखी हरकत आली नाही तर टप्पा स्वीकारला असं समजावं. आणि गेटवरचं काम ज्याने अडत नाही अशा दोषांमुळे टप्प्याचे पैसे रोखू नयेत, ते शेवटच्या टप्प्यापर्यंत दुरुस्त करावेत. काम चालू असताना आणि साहेब खूश असताना ही वाक्यं मिळतात. बिल अडकल्यावर मागितलीत तर तीच वाक्यं भांडणासारखी वाटतात.